सात हजार फॉलोअर्स, एका पानाची मीडिया किट आणि उटण्याचा डाग

प्रश्न: मी साताऱ्यात राहते. इन्स्टाग्रामवर ६,८०० फॉलोअर्स आहेत, मेकअप आणि स्किनकेअरचे रील्स मराठीत करते. आतापर्यंत वीसेक ब्रँडना "कोलॅब करायला आवडेल" असा डीएम केला, एकाचंही उत्तर नाही. कॅनव्हावर सहा पानांची मीडिया किट केली, तरी तेच. फॉलोअर्स कमी आहेत म्हणून असं होतंय का? किटमध्ये काय असावं आणि पैसे किती मागावेत?

उत्तर:

तुमचे वीस डीएम बहुतेक कुणी वाचलेच नसतील. अनोळखी खात्यावरून आलेला मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतो, आणि ब्रँडच्या त्या ढिगात ऑर्डर न मिळालेले ग्राहक, फुकट सॅम्पल मागणारे आणि "कोलॅब?" म्हणणारे सगळे एकत्र असतात. त्यामुळे त्या शांततेवरून स्वतःची किंमत ठरवू नका.

मी पाच वर्षं पुण्यात एका एजन्सीत होते. ब्रँडसाठी क्रिएटर निवडायचे, हेच काम. आता सांगलीत विश्रामबागला ब्रायडल मेकअप करते आणि माझं छोटं पेज चालवते. म्हणजे किट वाचणारी आणि किट पाठवणारी, दोन्ही बाजूंना बसून झालंय. त्या खुर्चीतून सांगते: सात हजारवाली आणि सत्तर हजारवाली यांना आम्ही एका तराजूत घालतच नव्हतो. मोठीकडून पोहोच विकत घ्यायची. छोटीकडून दोनच गोष्टी मिळू शकतात. एक म्हणजे एका ठरावीक भागातली, तिचं ऐकणारी माणसं. दुसरी म्हणजे खुद्द व्हिडिओ, जो ब्रँड आपल्या पेजवर किंवा जाहिरातीत वापरू शकतो. तुमच्या सहा पानांत या दोन्हींचा पुरावा आहे का, ते बघा. मोठा फोटो, "पॅशनेट ब्युटी क्रिएटर" आणि फॉलोअर्सचा ठळक आकडा असेल, तर तुम्ही मोठ्यांच्या तराजूत स्वतःहून जाऊन बसलात.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, हे आधीच मान्य करते. ब्रँड तुमच्या भागात माल पोचवतो का, त्याच्या वस्तूत तुम्हाला द्यायला पैसे उरतात का, निर्णय मालक घेतो की मुंबईतली टीम, यावर बरंच ठरतं. म्हणून नियम सांगण्यापेक्षा एक प्रकरण पूर्ण सांगते. गेल्या वर्षी माझ्याकडे सेल्फ मेकअप शिकायला आलेली कराडची एक मुलगी. ७,१०० फॉलोअर्स, म्हणजे जवळपास तुमच्याएवढीच.

तिच्या किटवर लिहिलं होतं, "सरासरी व्ह्यूज ६,०००+". मी तिला शेवटच्या अकरा रील्सचे व्ह्यूज एका कागदावर चढत्या क्रमाने लिहायला लावले. १,२००, १,४००, १,७००, १,९००, २,०००, २,१००, २,३००, २,४००, २,६००, ३,२०० आणि ४८,०००. बेरीज करून अकराने भागलं तर सव्वासहा हजार येतात, म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. पण अकरापैकी दहा रील्स त्या आकड्याच्या अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून खाली आहेत. ब्रँडने पैसे देऊन रील केलं की दोन हजारच येणार, आणि मग त्याला फसल्यासारखं वाटणार. खरा आकडा मधला, सहाव्या नंबरचा: २,१००. तोच किटवर घातला.

४८,००० वालं रील कसलं होतं? ट्रेंडिंग आवाजावर ओठ हलवून केलेली सासू-सुनेची गंमत. इनसाइट्स उघडले तर बघणारे बहुतेक फॉलोअर्स नसलेले, सेव्ह अवघे अकरा. उलट "बोअरच्या पाण्याने चेहरा धुतल्यावर त्वचा का ओढते" या रीलला २,३०० व्ह्यूज आणि १४० सेव्ह. आमच्याकडे जड पाणी हा घराघरातला विषय आहे. बाई रील सेव्ह करते तेव्हा तिला ते परत बघायचं असतं, बऱ्याचदा दुकानात उभं राहून. एजन्सीत असताना छोट्या खात्यांचे मी आधी सेव्ह बघायचे, मग शेअर, आणि लाइक सगळ्यात शेवटी. लाइक मैत्रिणीही देतात.

तिसरी गोष्ट जागा. प्रोफेशनल खातं असेल तर इनसाइट्समध्ये फॉलोअर्सची शहरं आणि वयोगट दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, पण कोणत्या तारखांचा आहे ते त्यात दिसू द्या. तारीख नसलेला स्क्रीनशॉट मी तरी जुना धरायचे. तिच्या यादीत कराड, सातारा, पुणे, सांगली, कोल्हापूर अशी शहरं होती. तिला हे कमीपणाचं वाटत होतं, "मुंबई नाहीये ना मॅडम!" अगं, कराडात माल विकणाऱ्याला मुंबई काय करायची आहे?

किट मग एका पानात बसली. वर एक ओळ: नाव, गाव, भाषा, विषय. तिची ओळ होती, "कराड, मराठी, गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी रोजचा मेकअप व स्किनकेअर." त्याखाली चार आकडे: फॉलोअर्स, मधले व्ह्यूज, सर्वात जास्त सेव्ह झालेलं रील, आणि पहिल्या तीन शहरांचा वाटा. मग तीन रील्सच्या लिंक, प्रत्येकीसमोर ते का निवडलं याची एक ओळ. शेवटी मेल आणि फोन. पीडीएफमधली लिंक दाबल्यावर खरंच उघडते का, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासा. न उघडणाऱ्या लिंकची किट मी परत कधी उघडली नाही, आणि ते कळवायला मला वेळही नसायचा.

तीन रील्स निवडताना एक खिडकीच्या उजेडातलं, फिल्टर न लावलेलं असलंच पाहिजे. फाउंडेशन किंवा लिपस्टिकवाल्या ब्रँडला शेड खरी दिसायला हवी. फिल्टरमध्ये मरून लिपस्टिक गुलाबी दिसते, मग ग्राहक परत पाठवते आणि शिव्या ब्रँडला. आणि एक सांभाळा: स्वतः विकत घेऊन रिव्ह्यू केलेल्या ब्रँडचे लोगो "यांच्यासोबत काम केलं" म्हणून लावू नका. ब्रँडची माणसं एकमेकांना ओळखतात, एक फोन पुरतो. "स्वतः विकत घेऊन केलेला रिव्ह्यू" असं स्पष्ट लिहिलं तर तोच चांगला नमुना ठरतो.

दर किटमध्ये घालू नका, असं माझं मत. काही जणी घालतात. पण काय काम आहे हे कळण्याआधी दर सांगितला की तुम्ही स्वतःलाच बांधून घेता.

आता पिच. ब्रँड निवडायला आम्ही तिच्याच डीएममधून सुरुवात केली. "हे कुठे मिळेल" असं बायका कशाबद्दल विचारतात? उटणं आणि फेसपॅक. तेव्हा सांगलीजवळ हळदीचं उटणं करणारा एक छोटा ब्रँड शोधला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पोस्टमध्ये हळदीचं शेत आणि कलश. पण कमेंट वाचल्या तर लोक वेगळंच विचारत होते: "चेहरा पिवळा राहतो का?" तिने मोजलं, नऊ वेळा. ब्रँडचं उत्तर प्रत्येक वेळी हात जोडलेली इमोजी.

मेल लिहिण्याआधी तिने पाकीट विकत घेतलं. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाकिटावर आहे की नाही, ते बघितलं. हे नसलेल्या घरगुती मालाची जाहिरात मी कधीच करणार नाही, कितीही ओळखीचा असो. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबली, आणि मग तीन आठवडे वापरलं. मेल असा गेला:

"विषय: 'चेहरा पिवळा राहतो का?' यावर एका रीलची कल्पना

नमस्कार. मी कराडची, मराठीत स्किनकेअरचे रील्स करते. तुमचं उटणं मी विकत घेऊन तीन आठवडे वापरलं. तुमच्या पोस्टखाली 'चेहरा पिवळा राहतो का' हा प्रश्न मला नऊ वेळा दिसला, पण त्याचं उत्तर देणारा व्हिडिओ दिसला नाही.

मला ४२ सेकंदांचं एक रील करायचं आहे. अर्ध्या चेहऱ्याला उटणं, दहा मिनिटांनी धुणं, पांढऱ्या टॉवेलने पुसणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात दोन्ही गाल शेजारी शेजारी. माझ्या वापरात टॉवेलला फिकट पिवळा डाग पडला, चेहऱ्यावर राहिला नाही. दोन्ही दाखवेन.

माझे फॉलोअर्स मुख्यतः कराड, सातारा आणि सांगली भागातले आहेत. एका पानाची माहिती जोडली आहे. तुळशीच्या लग्नानंतर हळदीचे कार्यक्रम सुरू होतात, त्याआधी आठवडाभर हे रील यावं असं वाटतं. या आठवड्यात दहा मिनिटं बोलता येईल का?"

यात स्वतःचं कौतुक नाही, पैशाचा शब्दही नाही. समोरच्याची एक अडचण आहे आणि ती सोडवणारं दृश्य आहे. वाचणाऱ्याला रील डोळ्यांसमोर दिसतं. मुंबई-बंगळुरूच्या ब्रँडला हेच साध्या इंग्रजीत लिहा. मेलचा पत्ता ब्रँडच्या इन्स्टाग्राम बायोत किंवा वेबसाइटवर शोधा. पाकिटावरचा कस्टमर केअरचा मेल तक्रारींसाठी असतो, तिथे पिच हरवतं. वेळही बघा: लग्नसराईचं पिच लग्नसराई सुरू झाल्यावर पाठवून उपयोग नाही. आमच्या एजन्सीत दिवाळीची नावं गणपतीच्या आधीच ठरलेली असायची. सात-आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची एक आठवण करा. त्यानंतर सोडून द्या.

तिला चौथ्या दिवशी मालकाचाच फोन आला. छोट्या ब्रँडचा हा फायदा. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. टॉवेलचा डाग नको, आणि "पिंपल्स जातात, रंग उजळतो" हे म्हणा. तिने मला विचारलं. मी म्हटलं, दुसरं तर अजिबात नाही. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेल्या वस्तूने आजार बरा होतो असा दावा करता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "वापरल्यावर त्वचा मऊ वाटली" हा तुमचा अनुभव आहे, तो सांगा. पहिल्या मुद्द्यावर तिने त्यांना समजावलं: डाग लपवला तर तोच प्रश्न दहाव्यांदा येईल, दाखवला तर लोक जुना टॉवेल घेतील. मालक हसले आणि कबूल झाले. झाले नसते तर तिने काम सोडायला हवं होतं असं मला वाटतं. सात हजारवालीकडे विकण्यासारखा तेवढा एकच माल असतो, लोकांचा विश्वास.

मग पैसे. ठरलेला बाजारभाव नसतो. "फॉलोअर्समागे इतके पैसे" अशी गणितं फिरतात, पण ती छोट्या खात्याला मारक आहेत, कारण रील करायला सात हजारवालीलाही तेवढेच तास लागतात. मी उलटी सुरुवात करते. तो दिवस दुसऱ्या कामाला दिला असता तर काय मिळालं असतं? ती पार्टी मेकअपचे दिवसाला अडीच हजार कमवायची. लिहिणं, शूट आणि एडिट मिळून एक पूर्ण दिवस. म्हणून एका रीलचे आणि दोन स्टोरींचे अडीच हजार, फक्त तिच्या पेजवर.

मालक म्हणाले, "आम्ही हॅम्पर देतो, चौदाशेचा आहे." हा फोन तुम्हालाही येणार, तयारी ठेवा. वस्तूच्या बदल्यात काम करायला माझी तत्त्वतः ना नाही. पण वस्तू तुम्ही एरवीही विकत घेतली असती, रील कसं करायचं हे तुमच्या हातात आहे, आणि व्हिडिओ जाहिरातीत वापरायचा हक्क मागितलेला नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच. यातली एक जरी सुटली तरी पैसे घ्या. इथे मालकांना व्हिडिओ जाहिरातीत चालवायचा होता, हे बोलण्यात निघालं. मग तिने दर फोडून सांगितला: रील आणि स्टोरी २,५००, आणि तोच व्हिडिओ ३० दिवस पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायचा असेल तर वर १,५००. एकूण ४,०००, निम्मे आगाऊ. मालकांनी थोडं कुरकुरून मान्य केलं. एकच मोठा आकडा सांगितला असता तर त्यांनी तो सरळ कापला असता. फोडून सांगितल्यावर काय कमी केलं तर काय जातं, हे त्यांना दिसलं.

वापराच्या हक्काचं एवढं का लावून धरते, तर मी स्वतः त्यात पोळले. सांगलीत आल्यावर एका ब्रँडला मी काजळाचा व्हिडिओ सहा हजारांत दिला, फाइल मेल केली, मुदत लिहिली नाही. तो व्हिडिओ दीड वर्ष जाहिरातीत फिरत होता. मधल्या काळात दुसऱ्या काजळवाल्याने मला विचारलं आणि मग स्वतःच मागे सरला, कारण त्याच्या फोनवर रोज माझाच चेहरा पहिल्या ब्रँडसाठी दिसत होता. मी तक्रार कशाच्या आधारावर करणार? म्हणून मेलवर चार ओळी लिहून घ्या: काय बनवणार, कुठे आणि किती दिवस वापरणार, दुरुस्त्या किती (मी एकच फेरी ठेवते), पैसे केव्हा. "तीन महिने दुसऱ्या ब्रँडचं काम करू नका" अशी अट असेल तर तिचे वेगळे पैसे, आणि "दुसरा ब्रँड" म्हणजे फक्त उटणं की सगळं स्किनकेअर, हेही लिहा. वकिली करारपत्र लागत नाही, दोघांनी "मान्य" लिहिलेला मेल या पातळीवर मला पुरलाय.

जाहिरात आहे हे सांगण्याबद्दल थोडक्यात. भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, हिचे २०२१ पासूनचे नियम इन्फ्लुएन्सरना लागू आहेत, आणि फुकट मिळालेली वस्तूसुद्धा त्यात येते. पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत ते लेबल एक तृतीयांश वेळ दिसायला हवं. ४२ सेकंदांच्या रीलमध्ये १४ सेकंद. मराठी रीलवर "जाहिरात" असा स्वच्छ शब्द चालतो. इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिपचं लेबलही लावा. हॅशटॅगच्या शेपटीत शेवटी दडवलेला शब्द चालत नाही. बायका लेबल बघून पळतात ही भीती तिलाही होती. त्या रीलखाली पहिली कमेंट आली ती टॉवेलचा डाग कशाने निघाला याची.

आकडे: आठवड्यात ३,१०० व्ह्यूज, १९० सेव्ह. ब्रँडने तिच्या नावाचा सवलतीचा कोड दिला होता, त्यावर चौदा ऑर्डर. चौदा ऑर्डरमध्ये मालकांचे चार हजार लगेच वसूल झाले नसणार, आणि हे तिने त्यांना स्वतःहून सांगितलं. पण जाहिरातीतल्या व्हिडिओखाली पिवळेपणाचं विचारणं जवळजवळ थांबलं, आणि मालकांना हवं होतं ते तेच. आठव्या दिवशी तिने इनसाइट्सचे स्क्रीनशॉट आणि लोकांनी विचारलेले पाच नवे प्रश्न असा एक पानी अहवाल न मागता पाठवला. त्या पाचांतल्या एका प्रश्नावर, कोरड्या त्वचेला उटणं दुधात कालवावं की दह्यात, दुसरं रील ठरलं. यावेळी आधी फोन मालकांनी केला. किटमधल्या चार आकड्यांच्या खाली आता या कामाची दोन ओळींत नोंद आहे, मालकांना विचारून घातलेली.

तुमच्यासाठी उजळणी करायची तर क्रम असा: अकरा रील्स कागदावर, मधला आकडा, सेव्ह झालेलं रील, शहरं, एक पान. मग वीस नाही, तीनच ब्रँड, आणि प्रत्येकाच्या कमेंट वाचून वेगळा मेल. या तीन मेलना माझ्या अंदाजाने दहा-बारा तास लागतील, त्यातले बरेचसे कमेंट वाचण्यात.

साताऱ्यात असाल तर ब्रँड म्हणजे फक्त इन्स्टाग्रामवरचे असं धरू नका. राजवाडा-पोवई नाका भागातली कॉस्मेटिक्सची मोठी दुकानं, पार्लर अकादम्या, यांनाही लग्नसराईत व्हिडिओ लागतात, आणि तुमची शहरांची यादी त्यांच्या एका नजरेत उपयोगी पडते. तिथे मेल नको. दुपारी तीन-चारच्या सुमारास, गर्दी नसताना जा, किट फोनवर उघडून ठेवा आणि काउंटरवरच्या मुलीला आधी विचारा की गिऱ्हाईक सगळ्यात जास्त काय विचारतं. तुमच्या सेव्ह झालेल्या रीलचे आकडे इथे लिहिलेत तर त्यावरून पहिले तीन ब्रँड कुठले घ्यावेत ते मी सांगेन.